दिवसाला २८३ कोटी कंपनं आणि एका मिनिटाचा निरोप

क्वार्ट्झ घड्याळात स्फटिकाचा एक इवलासा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या मुद्दाम निवडलेली आहे. ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर १ उरतो, आणि त्या एका ठोक्यावर सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. दिवसभरात अशी २८३ कोटींहून जास्त कंपनं होतात.

तरीही साधारण क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा सेकंदांपर्यंत मागेपुढे होतं. हिशेब केला तर दर पाच सेकंदांना जेमतेम एका कंपनाची चूक! पण ती साचत जाते आणि वर्षाअखेर तीन मिनिटं होते. घड्याळ सोलर असलं तरी उजेड ही चूक सुधारत नाही. तो फक्त बॅटरी भरतो, वेळ दुरुस्त करण्याचं काम रेडिओ घड्याळातला रेडिओ करतो.

जर्मनीत फ्रँकफर्टजवळ माइनफ्लिंगेनला एक प्रक्षेपक आहे. अणुघड्याळांवर चालणारा हा प्रक्षेपक ७७.५ किलोहर्ट्झवर अखंड वेळ सांगत असतो. त्याची लाट जवळपास ३,९०० मीटर लांब असते, आणि ती पकडायची असते मनगटावरच्या बोटभरही नसलेल्या अँटेनाने. निरोपाचा वेग सेकंदाला फक्त एक खूण. सेकंदाच्या सुरुवातीला लाट ०.१ सेकंद मंदावली तर शून्य, ०.२ सेकंद मंदावली तर एक. तास, मिनिट, तारीख हे सगळं पोचायला पूर्ण मिनिट लागतं. मध्ये चार्जरचा किंवा संगणकाचा खरखराट आला तर निरोप फुकट जातो. म्हणून घड्याळ रात्री, शांत वेळी ऐकतं.

आता पुण्याहून दर तीन महिन्यांनी फ्रँकफर्टला जाणाऱ्या इंजिनिअरचं उदाहरण घ्या. नव्वद दिवसांत त्याचं रेडिओ घड्याळ पंचेचाळीस सेकंदांपर्यंत चुकलेलं असेल. तिथे पोचल्यावर त्याने शहर 'फ्रँकफर्ट' करायचं, कारण आपण कुठे आहोत हे रेडिओ घड्याळाला कळत नाही. रात्री ते खिडकीच्या कट्ट्यावर, चार्जरपासून दूर ठेवायचं. सकाळी घड्याळातली 'शेवटचा संकेत मिळाला का' ही खूण पाहायची. मिळाला असेल तर चूक पुसली गेली. परतल्यावर शहर पुन्हा बदललं की तास आणि मिनिटं बदलतात, पण सेकंद अचूकच राहतो.

भारतात मात्र ती चूक पुन्हा साचू लागते. माइनफ्लिंगेनचा आवाका दीड-दोन हजार किलोमीटरचा, आणि चीनमधलं शांगच्यूचं केंद्र मुंबईपासून चार हजार किलोमीटरपेक्षा दूर आहे. त्यामुळे युरोप, अमेरिका, जपान किंवा चीनला वारंवार जाणाऱ्यांना रेडिओ घड्याळाचा खरा फायदा होतो. दुबई-सिंगापूरच्या वाऱ्या करणाऱ्याला तो नाही. त्याने उपग्रहाकडून वेळ घेणारं सोलर घड्याळ घ्यावं. ते वीस हजार किलोमीटर उंचीवरच्या जीपीएस उपग्रहांचं ऐकतं, त्यामुळे मोकळ्या आकाशाखाली उभं राहिलं की पुण्यातही चालतं. चार उपग्रह सापडले तर जागाही ओळखतं आणि तासाचा फरक स्वतःच लावून घेतं.