हुकलेले सबमिशन आणि आठवड्याचा फळा

पुण्यातल्या एका महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याला पर्यावरण विषयाचा प्रकल्प शुक्रवारी दुपारी चारपर्यंत द्यायचा होता. भाजी मंडईतल्या कचऱ्याची पाहणी करून त्याचा अहवाल लिहायचा, एवढेच काम. वहीत त्याने महिनाभर आधी एकच ओळ लिहून ठेवली होती : ‘प्रकल्प पूर्ण करणे’. पाहणी वेळेत झाली. बुधवारी संध्याकाळी तो लिहायला बसला आणि गुरुवारी रात्री दोन वाजता शेवटचे पान टाइप झाले. पण फोटो मित्राच्या मोबाइलमध्ये होते, आणि तो मित्र गावी गेला होता. प्रमाणपत्राच्या पानावर सही करणारे सर शुक्रवारी दुसऱ्या महाविद्यालयात परीक्षेच्या कामाला होते. स्पायरल बाइंडिंगच्या दुकानातही सगळ्या वर्गाची रांग लागली होती. अहवाल सोमवारी जमा झाला आणि उशिराचे गुण कापले गेले.

आळस हे याचे कारण नव्हते. त्याने अंदाज बांधला तो फक्त टायपिंगचा, आणि तो जवळपास बरोबरही निघाला. फोटो, सही आणि बाइंडिंग ही तीन कामे त्या एका ओळीत दडून राहिली होती आणि तिन्ही दुसऱ्यांवर अवलंबून होती.

असे चुकणे सार्वत्रिक आहे. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत संपेल ते विचारले होते. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात विद्यार्थ्यांचा अंदाज सरासरी सुमारे ३४ दिवसांचा होता. प्रत्यक्षात सुमारे ५५ दिवस लागले. सगळेच बिनसले तर किती लागतील, या प्रश्नाला मिळालेले सरासरी उत्तरही त्याहून कमीच होते. माणूस पुढचे काम डोळ्यांसमोर आणतो तेव्हा ते सरळ पार पडतानाच दिसते. मागच्या वेळी काय झाले होते, ते हिशेबात येत नाही.

पुढच्या प्रकल्पाच्या वेळी या विद्यार्थ्याने खोलीच्या भिंतीवर एक कार्डशीट लावला आणि त्यावर चार रकाने आखले : करायचे, सुरू, अडलेले, झाले. टोयोटाच्या कारखान्यात ताइइची ओनो यांनी सुट्या भागांसाठी कार्डांची जी ‘कानबान’ पद्धत रुजवली, तिचेच हे घरगुती रूप. कोणते काम कुठवर आले, हे सगळ्यांना समोर दिसावे, हा त्या कार्डांचा एक उपयोग होता.

रविवारी संध्याकाळी तो अर्धा तास चिठ्ठ्या लिहू लागला. एक चिठ्ठी म्हणजे एका बैठकीत, साधारण दीड तासात संपेल असे काम. ‘अहवाल’ ही चिठ्ठी होऊ शकत नाही. ‘मुलाखतींचा तक्ता भरणे’ किंवा ‘सरांकडून सहीची वेळ घेणे’ ही होते. ज्याला तारीख आहे त्याच्या कोपऱ्यात ती लाल शाईने लिहायची. ‘सुरू’ रकान्यात एका वेळी दोनच चिठ्ठ्या. तिसरी आणायची तर एक संपवायची किंवा परत मागे ठेवायची. या पद्धतीतला सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी नियम हाच, कारण नाहीतर पाच कामे अर्धवट होतात आणि जमा करण्याजोगे एकही नसते.

‘अडलेले’ हा रकाना मात्र खास त्या शुक्रवारने शिकवला. ज्या कामात दुसऱ्याची वाट पाहायची आहे, ते मागणी केल्याबरोबर तिथे जाते आणि चिठ्ठीवर माणसाचे नाव व विचारल्याचा दिवस लिहिला जातो. अशा चिठ्ठ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच हलवायच्या, कारण वाट पाहण्याचा काळ आपल्या हातात नसतो. दुसऱ्या प्रकल्पात सहीची वेळ त्याने सोमवारीच मागितली. सर बुधवारीच भेटणार होते, हे त्यामुळे चार दिवस आधी कळले आणि लिखाणाचा क्रम त्याप्रमाणे बदलता आला.

पहिल्या आठवड्यात त्याने अकरा चिठ्ठ्या लावल्या आणि सहाच ‘झाले’मध्ये पोचल्या. तो आकडा त्याने शीटच्या खाली लिहून ठेवला. पुढच्या रविवारी त्याने सातच लावल्या आणि उरलेल्या एका पाकिटात ठेवल्या. म्हणजे अंदाज आता मागच्या अनुभवावर बेतला जाऊ लागला.

एखादी चिठ्ठी तीन दिवस ‘सुरू’मध्येच राहिली, तर ती बहुधा फार मोठी असते आणि तिच्या दोन-तीन चिठ्ठ्या कराव्या लागतात, किंवा ती खरे तर कोणाची तरी वाट पाहत असते. फळ्याला आठवड्यापलीकडचे दिसत नाही. त्यामुळे सत्राच्या तारखांसाठी कॅलेंडर वेगळे लागते आणि रविवारी चिठ्ठ्या लिहिण्याआधी पुढच्या तीन आठवड्यांच्या तारखा त्यात पाहाव्या लागतात. दुसरा प्रकल्प मुदतीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी जमा झाला. बाइंडिंगच्या दुकानात तेव्हा रांग नव्हती.