आवाज आधी मराठी हवा

संगणकाचा आवाज आता इतका माणसासारखा झाला आहे की तो मराठी नसला तरी पटकन लक्षात येत नाही. देवनागरी मजकूर हिंदी आवाजालाही वाचता येतो. शब्द कळतात, पण लांबलचक लेख ऐकताना कान अडखळत राहतो. म्हणून आवाज किती गोड, हे नंतर पाहावं. तो मराठी आहे का, हे आधी.

मायक्रोसॉफ्ट एज या ब्राउझरमध्ये वेब पान उघडून Ctrl+Shift+U दाबलं की वाचन सुरू होतं. वर येणाऱ्या पट्टीवरच्या Voice options मधून वेग आणि आवाज बदलता येतो. मराठीसाठी तिथे Aarohi हा बाईचा आणि Manohar हा पुरुषाचा आवाज आहे.

निवडलेल्या आवाजाला एक वाक्य वाचायला द्या: ‘विज्ञानाच्या पुस्तकाला पैसे आणि औषधाला चमचा लागेल.’ हिंदी आवाज ‘विग्यान’, ‘पॅसे’, ‘ऑषध’ म्हणेल आणि चमच्यातला च ‘चहा’तल्यासारखा उच्चारेल. मराठी आवाजात ‘द्न्य’ येईल, ‘पइसे’ आणि ‘अउषध’ ऐकू येईल, च ‘चाका’तला असेल. ही परीक्षा पार पडली की पुढची द्या. ‘जरा’ म्हणजे थोडं आणि ‘जरा’ म्हणजे म्हातारपण, यांतला ज वेगळा असला तरी अक्षर एकच. तिथे यंत्राला आजूबाजूच्या शब्दांवरूनच ठरवावं लागतं. ‘डॉ.’मधल्या टिंबावर वाक्य संपवलं जातं का आणि ‘1960 साली’ हे ‘एकोणीसशे साठ’ असं वाचलं जातं का, तेही ऐका.

एजमधले हे नैसर्गिक आवाज माणसांच्या ध्वनिमुद्रणांवरून शिकवलेले आहेत आणि ते इंटरनेटवरून चालतात. मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जातो, त्यामुळे खाजगी कागद त्यांना वाचायला देऊ नयेत. ‘ईस्पीक एनजी’ नियमांवरून आवाज घडवतं. ते यांत्रिक वाटतं, पण नेटशिवाय चालतं, आकाराने लहान आहे आणि वेग खूप वाढवला तरी स्पष्ट राहतं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरणारे अनेक अंध वाचक म्हणूनच ते पसंत करतात.

कधी आवाज बरोबर असतो आणि दोष पानात असतो. पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण असावी लागते:

```
<html lang="mr">
```

इथे `hi` किंवा `en` असेल, तर खुणेवरून आवाज बदलणारा स्क्रीन रीडर चुकीचा आवाज निवडतो; तो आपण हाताने बदलावा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या पीडीएफचा प्रश्न मात्र आवाज बदलून सुटत नाही. त्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला, तर यंत्रही तोच गोंधळ वाचणार. अशी फाइल आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावी.