मेंढरांचा मुक्काम आणि युरियाचे पोते

दिवाळी सरली की फलटण, माण, बारामती या पर्जन्यछायेच्या भागांतून धनगरांचे वाडे घाटाच्या दिशेने निघतात. वाडा म्हणजे येथे घर नव्हे. एकत्र चालणारी काही कुटुंबे, त्यांची मेंढरे, बिऱ्हाड वाहणारी घोडी आणि राखणीची कुत्री मिळून वाडा होतो. कुंभार्ली किंवा वरंध यांसारख्या घाटांनी ते कोकणात उतरतात आणि पावसापूर्वी परत वर चढतात. कोकणातील पावसात मेंढरांचे खूर कुजतात. देशावर मात्र तेवढ्याच दिवसांत माळरानावर गवत उगवते.

ही भटकंती चाऱ्यासाठी असते, पण ती निभते खतावर. भात कापलेल्या शेतात रात्री वाघर लावून मेंढरे बसविली जातात. एक मेंढरू रात्रभरात सुमारे अर्धा किलो लेंडी टाकते असे धरले, तर तीनशे मेंढरांपासून एका मुक्कामात दीडशे किलो खत मिळते. शिवाय मूत्र सरळ मातीत मुरते. हे खत ना वाहून आणावे लागते, ना पसरावे लागते. मोबदल्यात शेतकरी धान्य देई. आता बहुधा रोख रक्कम ठरते.

हा व्यवहार आता दोन्ही टोकांनी सुटू लागला आहे. देशावर कालव्याचे पाणी आले तेथे ऊस उभा राहिला, आणि उसाच्या शेतात मेंढरांना प्रवेश नाही. कोकणात आंबा-काजूच्या बागांना कुंपणे पडली, तर कित्येक भातखाचरे कसणाऱ्यांअभावी पडीक आहेत. पडीक खाचरात चारा मिळेल, पण खताला गिऱ्हाईक मिळणार नाही. जो कसतो त्याला युरियाचे पोते सरकारी अनुदानामुळे स्वस्त पडते. एकाच शेतात पडणाऱ्या दोन खतांपैकी एकास अनुदान आहे आणि दुसऱ्यास नाही, ही विसंगती अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला खटकावी. लोकरीची तर कथाच वेगळी. दख्खनी मेंढीची लोकर भरड असते. घोंगडीची मागणी ओसरल्यापासून पुष्कळदा कातरणीची मजुरीही तिच्यातून सुटत नाही. परिणामी सारा भार मांसाच्या विक्रीवर येऊन पडतो.

राहिला वनांचा प्रश्न. 2006 च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केला. मात्र दावा ग्रामसभेपुढे मांडावयाचा असतो. जो वाडा एका हंगामात कित्येक गावांच्या हद्दी ओलांडतो, त्याने कोणत्या ग्रामसभेकडे जावे? ज्या गावात त्याची चराई चालते तेथे तो मतदार नसतो, आणि जेथे तो मतदार असतो तेथे त्याच्या मेंढरांचा उन्हाळा जात नाही.