शेऱ्यात ‘धांदरट’ लिहिण्याआधी

महिनाअखेर आली की शिकवणीच्या बाईंना पालकांसाठी चार ओळी लिहायच्या असतात. आता बहुतेक ठिकाणी मुलं घरी वर्कशीट सोडवतात, आई नाहीतर बाबा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतात, बाई लाल खुणा करून परत पाठवतात. महिन्याभराने फोनमध्ये फोटोंचा ढीग साचतो. तो पुन्हा चाळायला कुणाकडे वेळ नसतो, म्हणून शेरा आठवणीवर लिहिला जातो: ‘हुशार आहे, पण धांदरट आहे. येत असूनही चुका करतो. सराव वाढवावा.’

शेरा वाचून घरी मुलाला बोलणी बसतात आणि तशीच पन्नास गणितं करायला दिली जातात. नुकसान तिथूनच सुरू होतं. चूक खरोखर घाईची असेल तर पन्नास गणितांनी घाई आणखी वाढते. आणि मुलाच्या डोक्यात एखादा नियमच चुकीचा बसलेला असेल, तर त्या चुकीच्या नियमाचा पन्नास वेळा सराव होतो.

एक उदाहरण तपशिलात पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, चुका मात्र कुठल्याही शिकवणीत रोज दिसणाऱ्या आहेत. सातवीतला, सेमी-इंग्रजीतला एक मुलगा. महिन्यात १२ वर्कशीट, प्रत्येकीत १५ गणितं, म्हणजे एकूण १८०. त्यांपैकी ४१ चुकली. यांतली ९ नव्याने शिकवलेल्या शेकडेवारीची. ती त्याला अजून नीट आलेलीच नाहीत, तेव्हा त्यांना धांदरटपणा म्हणायचं कारण नाही. उरलेल्या ३२ गणितांत रीत ठाऊक असल्यासारखी दिसते आणि उत्तर मात्र चुकतं. आईच्या मते ‘येतं, पण लक्ष नसतं’ ते याच ३२ गणितांत.

हे ३२ फोटो एका बैठकीत, एकाशेजारी एक ठेवून पाहिले की वेगळंच काही दिसू लागतं. १९ ठिकाणी एकच चूक आहे. कंसाच्या आधी वजा चिन्ह असलं की कंस सोडवताना हा मुलगा पहिल्या पदापाशी ते वजा ठेवतो आणि पुढचं पद जसंच्या तसं उतरवतो. 7 − (x − 4) याचं तो 7 − x − 4 करतो आणि उत्तर लिहितो 3 − x. खरं उत्तर 11 − x, कारण वजा चिन्ह अख्ख्या कंसाला लागू असल्याने आतला −4 बाहेर येताना +4 होतो.

एकोणीस चुका झाल्या एवढ्यावर थांबलं तर अर्धीच गोष्ट कळते. अशी चूक व्हायला एकूण किती जागा होत्या, तेही मोजावं लागतं. १८० गणितांत कंसाआधी वजा असलेली गणितं फक्त २४ होती. त्यातल्या चारांत नुसत्या संख्या होत्या, अक्षर नव्हतं, आणि ती चारही बरोबर आली. अक्षर असलेल्या वीसपैकी एकोणीस चुकली. विसावं बरोबर आहे, पण फोटो मोठा करून पाहिला तर तिथे खाडाखोड दिसते आणि शेवटची ओळ वेगळ्या हस्ताक्षरात आहे. वीसपैकी एकोणीस वेळा जे घडतं त्याला मी धांदरटपणा म्हणायला तयार नाही. लक्ष उडालेलं मूल कधी चुकतं, कधी बरोबर येतं. इतकं इमानेइतबारे एकाच जागी चुकणारं मूल एखादा नियम पाळत असतं, तो नियम फक्त चुकीचा असतो.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाक्यांबद्दल हेच दाखवून दिलं होतं. मूल ५२ − २७ चं उत्तर ३५ काढतं ते बेसावधपणे नव्हे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन वजा करतं, आणि हातचा घ्यायची वेळ आली की दर वेळी तसंच करतं. त्याचा नियम एकदा कळला की पुढच्या गणितात ते काय लिहील हे आधीच सांगता येतं.

आपल्या मुलाला संख्यांची चार गणितं कशी आली, याचं उत्तरही इथेच आहे. 20 − (8 − 3) मध्ये तो शाळेत पाठ केलेल्या ‘कंचेभागुबेव’ प्रमाणे आधी कंस सोडवतो, ५ मिळतात, आणि विसातून पाच गेले की १५. वजा चिन्ह कंसात शिरायची वेळच येत नाही. x आला की आतली वजाबाकी होऊ शकत नाही, कंस उघडावाच लागतो, आणि इतके दिवस झाकून राहिलेली चूक वर येते. सहावीपर्यंत पैकीच्या पैकी गुण घेणारं मूल सातवीत अचानक ‘बेफिकीर’ झाल्यासारखं वाटतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

उरलेल्या तेरा चुका मात्र खऱ्याच घाईच्या निघाल्या. त्यांतल्या आठ उतरवून घेतानाच्या. त्या आठांपैकी सहा वर्कशीटच्या शेवटच्या पाच गणितांत आहेत, म्हणजे मूल तोवर दमलेलं असतं किंवा खेळायला जायची घाई झालेली असते. आठांपैकी तीन ठिकाणी आकड्यांची अदलाबदल आहे, ६३ चे ३६ झालेत. आपल्याकडे याला एक जादा कारण आहे. शाळेत गणित इंग्रजीतून चालतं, पण पाढे घरी मराठीत पाठ झालेले असतात, आणि मनात ‘त्रेसष्ट’ म्हटलं की आधी तीन येतो, मग साठ. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ या धर्तीची संख्यानामं दिली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला, पण मुलांची ही अडचण खरी आहे. उतरवून घेताना ‘सहा, तीन’ असे सुटे आकडे म्हणायची सवय लावली की ती बरीच कमी होते. राहिलेल्या पाच चुका एकक न लिहिण्याच्या, किंवा उरलेले पैसे विचारले असताना खर्च झालेले लिहिण्याच्या.

घाईची चूक आणि चुकीचा नियम यांतला फरक ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. तपासलेलं पान खुणा न करता मुलाला परत द्यायचं आणि सांगायचं, ‘या पानावर तीन चुका आहेत, शोध.’ उतरवण्याच्या चुका मूल बहुतेक स्वतःच शोधतं आणि दुरुस्तही करतं. कंसाचं गणित त्याच्या नजरेखालून दहा वेळा गेलं तरी त्याला ते बरोबरच वाटतं. मग त्याला तेच गणित मोठ्याने बोलत सोडवायला सांगावं. ‘वजा x ला लावलं, पुढे वजा चार, ते खाली घेतलं,’ असं त्याच्या तोंडून ऐकलं की शंका उरत नाही.

फोटोवरून निष्कर्ष काढताना मात्र जपावं लागतं. पेन्सिलीने काढलेलं बारीक वजा चिन्ह मंद प्रकाशात फोटोत उमटतच नाही, आणि बरोबर गणित चूक ठरतं. पानाची कड कापली गेली की समासातलं कच्चं काम जातं, आणि खरी चूक बऱ्याचदा तिथेच झालेली असते. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. रात्री साडेदहाला फोटो आला म्हणजे गणितं रात्री साडेदहाला सोडवली असंही नाही. म्हणून ‘उशिरा अभ्यास करतो’ असं लिहिण्याआधी घरी विचारून घ्यावं. फळ्यावरून उतरवताना चुकतं आणि पुस्तकातून उतरवताना चुकत नाही, असं शाळेच्या वहीत दिसलं तर डोळे तपासून घ्यायला जरूर सांगावं. त्यापुढे जाऊन ‘एकाग्रतेचा आजार’ वगैरे शब्द बारा फोटोंच्या जोरावर लिहायचा अधिकार शिकवणीच्या बाईंना नाही.

एवढं पाहून झाल्यावर पालकांना जाणारी चिठ्ठी अशी होते:

‘नमस्कार ताई. या महिन्यात १२ वर्कशीट तपासल्या. १८० पैकी १३९ गणितं बरोबर आहेत. बेरीज, वजाबाकी, गुणाकार पक्के आहेत. सर्वात जास्त चुका (१९) एकाच प्रकारच्या आहेत: कंसाआधी वजा असताना दुसऱ्या पदाचं चिन्ह बदलत नाही. वर्कशीट ४ मधलं तिसरं गणित पाहा. हा हलगर्जीपणा नाही, त्याला हे चुकीचंच समजलं आहे, आणि ते पुन्हा शिकवणं माझं काम आहे. पुढच्या दोन आठवड्यांत ते करते. तोवर घरी कंसाची जादा गणितं देऊ नका. उतरवण्याच्या ८ चुका आहेत, त्या बहुतेक शेवटच्या पाच गणितांत. वर्कशीट दोन बैठकांत करू द्या, आधी आठ गणितं आणि थोड्या वेळाने सात. शेकडेवारी वर्गात चालू आहे, तिची काळजी नको. फोटो उजेडात, पूर्ण पानाचा आणि कच्च्या कामासकट पाठवा. एका गणितात घरून मदत झालेली दिसते. मदत केली तर शेजारी ‘म’ लिहा, म्हणजे मला कळेल.’

मुलाला शिकवायचं ते वेगळं, आणि तेही फार नाही. कंस उघडण्याआधी आतल्या प्रत्येक पदाखाली त्याने बदललेलं चिन्ह लिहायचं, मग पुढची ओळ. आणि शेवटी ताळा. x च्या जागी ५ घालून पाहायचं: 7 − (5 − 4) म्हणजे ६. त्याचं उत्तर 3 − x, म्हणजे −२. दोन्ही जुळत नाहीत, तेव्हा कुठेतरी चुकलंय हे त्याला बाईंनी सांगायच्या आधी कळतं. 11 − x मध्ये ५ घातले की ६ येतात. पुढच्या महिन्यात हाच प्रकार वीसपैकी चार-पाच ठिकाणीच चुकला, आणि त्या चुका त्याने स्वतः शोधल्या, तर समजावं की नियम सुधारला आणि आता उरली आहे ती खरी घाई. वीसपैकी पंधरा चुकत असतील तर शिकवण्याची पद्धत बदलायला हवी.

पालकांना एवढंच सांगणं आहे. पुढच्या वेळी ‘धांदरट आहे’ असा शेरा आला तर मुलाला बोलायच्या आधी बाईंना तीन गोष्टी विचारा: नेमकी कोणती चूक, कोणत्या पानावर, आणि तशा किती गणितांपैकी किती वेळा.