चौघांचं इंटिग्रेशन आणि शनिवारचा कागद

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असलेले चार मित्र. इंटिग्रेशनमध्ये चौघेही अडतात, पण प्रत्येकाची जागा वेगळी. एकाला सबस्टिट्यूशनमध्ये t कशाला धरायचं ते सुचत नाही. दुसरी बाय पार्ट्सच्या चिन्हांत चुकते. तिसऱ्याचे पार्शल फ्रॅक्शन्स फसतात आणि चौथी लिमिट्स बदलायला विसरते.

सोमवार ते गुरुवार रोज एकाचा विषय घ्यावा, पाऊण तास, पाचच गणितं. ज्याचा विषय कच्चा, पेन त्याच्याच हातात. बाकीच्यांनी विचारायचं ते एवढंच: ‘हे का केलंस?’ गुरुवारचं उदाहरण पाहा. 2x/(1+x²) चं 0 ते 1 इंटिग्रेशन करताना t = 1+x² धरलं की लिमिट्स 1 ते 2 होतात आणि उत्तर येतं log 2. जुन्याच लिमिट्स ठेवल्या तर log 0 समोर येतो. त्याला अर्थच नाही, म्हणून चूक तिथेच पकडता येते. पण दरवेळी ती इतकी उघडी पडत नाही. त्यामुळे t लिहिला की त्याच ओळीत नव्या लिमिट्स लिहायची सवय लावावी.

शुक्रवारी आठवड्यात चुकलेली गणितं वही न बघता पुन्हा सोडवायची.

माझ्या मते खरा कस लागतो तो शनिवारी. धड्याखालच्या स्वाध्यायात पद्धत कोणती ते शीर्षकच सांगून टाकतं, परीक्षेत मात्र ती आपली आपण ओळखावी लागते. म्हणून शनिवारच्या कागदावर सगळे प्रकार मिसळलेले हवेत आणि पहिली दहा मिनिटं काहीही न सोडवता प्रत्येक गणितापुढे फक्त पद्धतीचं नाव लिहायचं. त्या कागदावर ही तीन गणितं शेजारी शेजारी ठेवावीत:

∫ x eˣ dx
∫ x e^(x²) dx
∫ e^(x²) dx

पहिलं बाय पार्ट्सचं: x आधी घेतला की x eˣ − eˣ + C. दुसरं दिसायला तसंच, पण x² चं डेरिव्हेटिव्ह 2x, आणि x बाहेर हजर आहे. म्हणून t = x² आणि उत्तर e^(x²)/2 + C. इथे बाय पार्ट्स करायला गेलं की गणित लांबतच जातं. दोन-तीन ओळींनंतरही ते सोपं होत नसेल, तर वाट चुकली असं समजून मागे फिरावं.

तिसऱ्यात बाहेरचा x नाही. ‘मग 2x ने भागू’ असं म्हणून कुणीतरी e^(x²)/(2x) लिहीलच. त्या उत्तराचं लगेच डेरिव्हेटिव्ह काढायला लावा. भागाकाराचा नियम लावल्यावर e^(x²) − e^(x²)/(2x²) येतं, म्हणजे मूळ गणित परत मिळत नाही. या फंक्शनचं इंटिग्रल नेहमीच्या फंक्शन्समध्ये लिहिताच येत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. चौघांपैकी ज्याने त्यापुढे ‘सबस्टिट्यूशन’ लिहिलं असेल, त्याला पुढच्या सोमवारी पेन हातात घेऊन हेच सांगायला लावायचं: तो x हजर असल्याने काय साधतं, आणि नसला की काय अडतं.