स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांचे लोकेशन घड्याळ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

स्मृतिभ्रंश, म्हणजे ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात तो आजार, झालेल्या वृद्ध व्यक्तीच्या मनगटावर लोकेशन दाखवणारे घड्याळ बांधले की ती व्यक्ती प्रत्येक क्षणी नकाशावर दिसत राहते, हा या घड्याळांविषयीचा सर्वांत रुजलेला गैरसमज होय. वस्तुस्थिती अशी की, घड्याळाला दोन वेगवेगळी कामे करावी लागतात. पहिले काम स्वतःचे ठिकाण ओळखण्याचे असून ते जीपीएस उपग्रहांच्या संदेशांवरून होते, आणि मोकळ्या आकाशाखाली त्यात साधारणपणे पाच-दहा मीटरांचीच चूक राहते. दुसरे काम ते ठिकाण घरच्यांच्या मोबाइलवर पोहोचवण्याचे असून त्यासाठी घड्याळातील सिमकार्डाला मोबाइलचे नेटवर्क मिळावे लागते. उपग्रह जंगलातही सापडतात. टॉवर मात्र सापडतोच असे नाही.

धारणीसारख्या ठिकाणी हा भेद निर्णायक ठरतो. मेळघाटातील हे तालुक्याचे गाव मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ आहे, आणि परतवाड्याकडे हरिसाल-सेमाडोहमार्गे जाणारा त्याचा रस्ता व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. याच तालुक्यातील हरिसाल 2016 मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजले, परंतु गावात इंटरनेट आल्याने दोन गावांमधल्या रानातही रेंज येते असे नाही. नेटवर्क तुटले की घरच्यांच्या मोबाइलवर शेवटचा ठिपका तसाच दिसत राहतो, आणि तो आत्ताचा समजून माणसे चुकीच्या जागी धावतात. म्हणून नकाशावर ठिपक्याआधी त्याच्या शेजारची वेळ वाचावी, आणि ठिपक्याभोवतीचे फिके वर्तुळ पाहावे. घड्याळाने उपग्रहांऐवजी केवळ टॉवरवरून अंदाज बांधला असेल, तर हे वर्तुळ शेकडो मीटरांचे आणि ग्रामीण भागात काही किलोमीटरांचेही असू शकते. खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट तपासावी लागते. अनेक स्वस्त घड्याळे फक्त टू-जीवर चालतात, तर जिओचे जाळे फोर-जीपासूनच सुरू होते. त्यामुळे असे घड्याळ आणि ते सिम यांची जोडी दुकानात कितीही सुबक दिसली तरी एकही संदेश पाठवू शकत नाही.

दुसरा गैरसमज ‘सेफ झोन’ या नावातच दडलेला आहे. सेफ झोन, म्हणजे घर मध्यभागी धरून नकाशावर आखलेले वर्तुळ, हे कुंपण नव्हे. ते ओलांडणाऱ्याला काहीही अडवत नाही, फक्त ओलांडल्यानंतर केव्हातरी मोबाइल वाजतो. हे ‘केव्हातरी’ किती लांबते, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका आजींच्या घराभोवती 200 मीटरांची त्रिज्या ठरवली आहे आणि बॅटरी टिकावी म्हणून घड्याळ दर 10 मिनिटांनी ठिकाण कळवते. आजी मिनिटाला 50 मीटर, म्हणजे ताशी 3 किलोमीटर, अशा सावकाश चालीने सरळ निघाल्या, तर चौथ्या मिनिटाला त्या वर्तुळाबाहेर पडतील. परंतु घड्याळाने नेमके त्याच्या किंचित आधी ठिकाण कळवले असेल, तर पुढची नोंद चौदाव्या मिनिटाच्या सुमारास होईल आणि इशारा येईल तेव्हा त्या घरापासून सुमारे 700 मीटरांवर असतील. त्याऐवजी त्या बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या एखाद्या गाडीत बसल्या असतील, तर हे अंतर किलोमीटरांत मोजावे लागेल.

यावर त्रिज्या 50 मीटर करावी, असा उपाय सहज सुचतो, पण तोही फसवा आहे. टिनाच्या छपराखाली उपग्रहांचा संदेश क्षीण होतो, त्यामुळे खाटेवर निजलेल्या माणसाचा ठिपकाही नकाशावर आजूबाजूला भरकटतो आणि रात्री-अपरात्री खोटे इशारे येऊ लागतात. चार दिवसांत घरातले कोणीतरी आवाज बंद करून टाकते, आणि खरा इशारा त्या शांततेत बुडून जातो. याउलट, त्रिज्या थोडी मोठी ठेवून जोखमीच्या वेळी, बहुधा दिवेलागणीच्या सुमारास, जेव्हा अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते, तेव्हा नोंदीचे अंतर एक-दोन मिनिटांवर आणणे आणि इतर वेळी ते वाढवणे अधिक उपयोगी पडते. तरीही दाराला लावलेली साधी घंटा या घड्याळाच्या आधी वाजते, हे विसरू नये.

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण वाट फुटेल तिकडे भटकतो, ही समजूतही अपुरी आहे. ऐंशीच्या घरातील बाई संध्याकाळी “माहेरी जायचं” म्हणून उठते, तेव्हा तिच्या लेखी ते प्रयोजन पूर्णपणे खरे असते. जुने शेत, पूर्वीची नोकरी, नदीचा ओळखीचा घाट अशाच ठिकाणांकडे पावले वळतात. म्हणून ठिपका थांबला असेल, तर शोधाची सुरुवात त्या ठिपक्यापासून अशा जुन्या ठिकाणांच्या दिशेने करावी. हाका मारल्यावर ती व्यक्ती ओ देईलच असे धरू नये, कारण झुडपात किंवा ओहोळात अडकलेले असे रुग्ण जवळून गेलेल्या शोधकर्त्यांनाही पुष्कळदा उत्तर देत नाहीत.

निदान झाले म्हणजे विचारण्याची गरज संपली, असे मानणारे नातेवाईक बहुधा प्रेमापोटीच तसे मानतात, पण ते चुकते. आजाराच्या सुरुवातीला घड्याळ कशासाठी आहे आणि ते कोण पाहणार, हे व्यक्तीला समजते, आणि तेव्हा घेतलेली संमती पुढच्या काळातील निर्णयांना आधार देते. खासगीपण हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात 24 ऑगस्ट 2017 रोजी स्पष्ट केले, आणि वय किंवा विसराळूपणा हा त्याला अपवाद नाही. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की, लोकेशन दोन-तीन जबाबदार माणसांनीच पाहावे. ते नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकण्याची वस्तू नव्हे. काही घड्याळांत नकळत माइक सुरू करून आजूबाजूचे बोलणे ऐकण्याची सोय असते. अशी सोय असलेल्या लहान मुलांच्या घड्याळांवर जर्मनीने नोव्हेंबर 2017 मध्ये बंदी घातली, हे लक्षात घेता वृद्धांच्या बाबतीतही ती बंदच ठेवावी. खात्याचा मूळ पासवर्डही पहिल्याच दिवशी बदलावा, कारण 2019 मध्ये अव्हास्ट या सुरक्षा कंपनीला सुमारे सहा लाख लोकेशन उपकरणे 123456 याच पासवर्डावर चालू असलेली आढळली होती.

न निघणारा कुलूपबंद पट्टा हा सुरक्षेचा उपाय भासतो, पण तो बेडीच्या जवळ जातो. ज्यांनी आयुष्यभर डाव्या हाताला घड्याळ बांधले, त्यांना त्याच हाताला नवे घड्याळ खपून जाते. ज्या आजींनी कधीच घड्याळ वापरले नाही, त्या ते उतरवून फडताळात ठेवतात. त्यांच्यासाठी कमरेच्या चंचीत किंवा बंडीच्या खिशात राहणारे लहान उपकरण बरे. त्यातही फोनच्या ब्लूटूथवर चालणारे टॅग वेगळे ओळखावेत. ते आसपासच्या इतरांच्या फोनांवर विसंबतात, आणि ओसाड वाटेवर तसा फोन नसतो. उपकरणाशिवायही मदत होऊ शकते. मुंबईत 2023 मध्ये वरळीहून हरवलेला बौद्धिक अक्षमता असलेला एक मुलगा कुलाब्यात पोलिसांना सापडला, तेव्हा गळ्यातील लॉकेटवरचा क्यूआर कोड फोनने वाचून त्याच्या घरच्यांशी संपर्क साधता आला. हा कोड कोणाचाही माग काढत नाही, त्याला बॅटरी लागत नाही. फक्त सापडलेल्या माणसाचे घर तो सांगतो, आणि मेळघाटात तर क्यूआरऐवजी कापडावर दोऱ्याने भरलेला फोन नंबर रेंज नसतानाही वाचता येतो.

बेपत्ता झालेल्या माणसाची तक्रार करण्यासाठी 24 तास थांबावे लागते, हाही निव्वळ गैरसमज आहे. असा कोणताही नियम नाही. 112 हा क्रमांक लगेच लावावा आणि शेवटच्या ठिपक्याचे ठिकाण त्याच्या वेळेसह सांगावे.