मांजरांचा वरचा रस्ता

घरातल्या मांजरांचं भांडण म्हटलं की फिसकारणं आणि उडालेले केस डोळ्यांसमोर येतात. खरा जाच मात्र बिनआवाजाचा असतो. बोका पॅसेजच्या तोंडाशी ऐसपैस पसरतो. मांजरी दाराआड थबकते आणि त्याने रोखून पाहिलं की मागे फिरते. लिटर ट्रे पॅसेजपलीकडे असेल तर ती बराच वेळ कळ काढते आणि शेवटी सोफ्यामागे मुतते. घरचे म्हणतात, हिला वळण नाही.

पाळीव मांजर आलं आफ्रिकी रानमांजरापासून, म्हणजे एकट्याने शिकार करणाऱ्या प्राण्यापासून. भांडल्यावर समेट करायची रीत त्यांच्यात फारशी नाही. त्यापेक्षा समोरासमोर येणंच ती टाळतात. अरुंद पॅसेजमध्ये टाळणार कसं? भिंतीवर फळ्या लावल्या की तोच पॅसेज दुमजली होतो. वर बसलेल्या मांजरीला बोका लांबूनच दिसतो, आणि थांबायचं की निघायचं हे तिचं तिला ठरवता येतं. तिचा धीर वाढतो तो यामुळे.

मात्र कोपऱ्यात एकच उंच कॅट ट्री ठेवलं तर उलटंही होतं. चढायची वाट तीच उतरायची. बोका खाली येऊन बसला की मांजरी वर अडकली. म्हणून वाट दोन्हीकडून खुली हवी. समजा, सोफ्याच्या पाठीवरून पहिली फळी, पुढच्या प्रत्येकी साधारण 30 ते 40 सेंटीमीटर वर, पॅसेजवरून माळ्यापर्यंत, आणि पलीकडे बाथरूमजवळच्या कपाटावरून खाली. फळीची रुंदी 25-30 सेंटीमीटर पुरते, पण मध्ये एक जागा दोघांना एकमेकांना टाळून जाता येईल इतकी मोठी ठेवावी. गुळगुळीत लॅमिनेटवर पाय सरकतो, तिथे पायपुसण्याचा तुकडा चिकटवावा. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग ढिला पडतो. सुताराला त्या भिंतीसाठीचे अँकर वापरायला सांगावं. एकदा हललेल्या फळीवर मांजर सहसा पुन्हा जात नाही. आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका छताच्या पंख्याचा: कुठल्याही फळीवरून पात्यांच्या दिशेने झेप जाता कामा नये.

मांजर वर बसलं म्हणजे सुखात आहे, असंही नाही. पाय लोंबकळत सोडून, कुशीवर पसरून झोपलं, बाकीचे जागे असताना खाली आलं, तर वाट कामाला आली. अंग आवळून तासन्‌तास बसलं आणि रात्री सामसूम झाल्यावरच खायला उतरलं, तर ते लपलेलं आहे. अशा वेळी आणखी फळ्या ठोकून उपयोग नाही. दुसरा ट्रे आणि खाण्या-पाण्याची भांडी बोक्याच्या नजरेआड, दुसऱ्या खोलीत मांडावी लागतात.

म्हाताऱ्या मांजरांचे सांधे दुखतात, पण ती ते दाखवत नाहीत. फक्त वर जाणं सोडतात. त्यांच्यासाठी सोफ्याशेजारी एक बुटकं स्टूल ठेवावं आणि पायऱ्यांमधलं अंतर निम्म्यावर आणावं.